मिटायला लावलेली वही

एका तालुक्याच्या गावात एक अध्यापक महाविद्यालय होतं आणि त्यात आसावरी म्हात्रे नावाची एक मुलगी शिकत होती. तिच्या नाकावर कायम राग असायचा. पण तो फुकटचा नसे. वर्गात कुणी कुणाचं उत्तर ढापलं, ग्रंथपालांनी पुस्तक आपल्याच माणसासाठी लपवून ठेवलं, मेसमध्ये मुलींच्या डब्यात वरण पातळ आलं, की आसावरी उठून उभी राहायची. बाकीच्या मूग गिळून बसायच्या आणि मग मागून म्हणायच्या, बरं झालं बाई तू बोललीस.

त्या वर्षी अभ्यासक्रमात एक काम होतं. विद्यार्थ्याने आपल्या धर्माचं नसलेलं, पूर्वी कधीही न पाहिलेलं एखादं प्रार्थनास्थळ पाहायचं आणि त्यावर चिंतनात्मक दैनंदिनी लिहायची. दैनंदिनीचे भाग ठरलेले होते. जाण्यापूर्वी मला काय वाटत होतं, तिथे मी काय पाहिलं, मला काय वाटलं, त्याची दुसरी बाजू काय असू शकेल आणि ती मी कुणाला विचारली, आणि शेवटी, यापुढे मी काय करीन. खाली एक सूचनाही होती. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहावं, एकात एक मिसळू नये.

मोठी शहाणपणाची सूचना होती ती. पण ती वाचतो कोण? मागच्या वर्षीच्या मुलांच्या दैनंदिन्या वसतिगृहात हातोहात फिरत होत्या आणि सगळ्यांत एकच वाक्य होतं. 'तेथील पवित्र वातावरणात मनाला अपूर्व शांतता लाभली.' मशीद असो, चर्च असो, विहार असो, शांतता ठरलेली. काहींनी तर जाण्याआधीच शांतता लिहून ठेवली होती.

"मी असलं काही लिहिणार नाही," आसावरी म्हणाली. "मला जे दिसेल ते लिहीन."

या कामाचे प्रमुख होते वाळिंबे सर. गावाबाहेर खाडीच्या बाजूला ज्यू लोकांचं एक जुनं सिनेगॉग होतं. हे लोक कोकणातलेच. बोलतात मराठी, आडनावं गावांवरून, आणि शतकानुशतकं इथेच राहिलेले. आता त्यांची चार-दोन घरंच उरली होती. तिथल्या कमिटीचे प्रमुख बिन्यामिन नवगावकर, बँकेतून निवृत्त झालेले. सरांनी त्यांना फोन केला आणि भेट शनिवारी ठरली.

शनिवारी सकाळी सगळा वर्ग बसने तिथे उतरला. दाराच्या चौकटीवर एक छोटी तिरकी डबी ठोकलेली होती. आत जाणारा माणूस तिला बोटं लावायचा आणि ती बोटं ओठांना टेकवायचा. मुलांना डोक्यावर घालायला टोप्या दिल्या, मुलींनी ओढण्या घेतल्या. मुली जिना चढून वरच्या सज्जात बसल्या. खाली मधोमध कठडा लावलेला लाकडी चौथरा होता. पश्चिमेच्या भिंतीत मखमली पडदा लावलेलं कपाट होतं आणि त्याच्यासमोर एक दिवा तेवत होता.

आसावरीने वही काढली आणि भराभर लिहायला सुरुवात केली. डबी, टोप्या, चौथरा, दिवा. तेवढ्यात खाली पडदा सरकला, कपाटातून चामड्याची मोठी गुंडाळी निघाली आणि सगळे उभे राहिले. गुंडाळी चौथऱ्यावर उलगडली. एक माणूस चांदीची काडी ओळीवर फिरवत सूर लावून वाचू लागला. आसावरीला वरून नीट दिसेना. ती वही घेऊन सरळ खाली आली आणि चौथऱ्याच्या अगदी जवळ उभी राहून लिहू लागली.

त्याच वेळी वर्गातल्या कुणाचा तरी मोबाईल खणाणला. सिनेमातलं धांगडधिंगा गाणं. वाचणारा क्षणभर थांबला. चौथऱ्याजवळ उभे असलेले एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ वळले. ते नवगावकर. त्यांनी आधी मोबाईलवाल्याकडे पाहिलं, मग त्यांची नजर आसावरीवर गेली. ते दोन पावलं आले आणि त्यांनी तिच्या वहीवर तळहात ठेवला.

"वही मिटा."

"आम्ही लिहायलाच आलोय, काका. कॉलेजचं काम आहे."

"आज नाही."

एवढंच. कारण नाही, दोन गोड शब्द नाहीत. ते वळले आणि पुन्हा गुंडाळीकडे पाहत उभे राहिले. सगळ्या वर्गासमोर तोंडात मारल्यासारखं झालं. आसावरी वही मिटून वर गेली. सज्जात मरणाचं उकडत होतं. डोक्यावर पंखा होता, तो बंद. खाली पुरुषांवरचे दोन पंखे गरगर फिरत होते. एका मुलीने बटणाकडे हात नेला तर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी हळूच मान हलवली. नको. आसावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

प्रार्थना संपल्यावर अंगणात त्याच बाईंनी सगळ्यांना छोट्या पेल्यांतून काळ्या मनुकांचं सरबत दिलं. चहा नव्हता. पाहुण्यांना साधा चहाही नाही. आसावरीने पेला हातात घेतला, कठड्यावर ठेवला आणि तशीच बसमध्ये जाऊन बसली.

त्या दुपारी तिने दैनंदिनी लिहिली, आणि काय लिहिली! 'मी काय पाहिलं' या भागात तिने लिहिलं, तिथे लपवालपवी चालते. काय वाचतात ते बाहेरच्यांना लिहू देत नाहीत. बायकांना वर कोंबतात आणि त्यांचा पंखा बंद ठेवतात. पाहुणा दारी आला तर त्याला घोटभर चहा मिळत नाही. 'मला काय वाटलं' या भागात लिहिलं, अपमान. त्याच्याच खाली लिहिलं, ज्यांना आपल्या देवाच्या घरात वही चालत नाही, त्यांनी विद्यार्थ्यांना बोलावूच नये.

संध्याकाळी तिने ते पान मैत्रिणींना वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. "हे खरं लेखन," शलाका म्हणाली, आणि तिने पानाचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकला. आसावरीला आवडलं. ज्यांनी स्वतः शांतता लिहिली होती तेही आता तिची री ओढू लागले. कुणी म्हणालं, मलाही तसंच वाटलं होतं. मला तर एकाने धक्काच दिला. कुणीही दिला नव्हता. पण राग आला की आठवणी पैदा होतात. रविवारी ते पान वर्गाच्या ग्रुपमधून गावात गेलं. वाण्याच्या दुकानात, बसथांब्यावर, नाक्यावर लोक विचारू लागले, हो का, तिथे काय लपवतात? ज्या लोकांच्या बापजाद्यांनी या गावाला घाण्याचं तेल पुरवलं, त्यांच्याविषयी हा प्रश्न! आणि तो एका पानाच्या जोरावर, तेही बावीस वर्षांच्या मुलीच्या.

सोमवारी दैनंदिनी द्यायची होती. आसावरीचे शेवटचे दोन भाग कोरे होते आणि पेन अडलं होतं त्यातल्या पहिल्यावर. दुसरी बाजू काय असू शकेल आणि ती कुणाला विचारली? बाकीच्यांनी तिथे 'होय, दुसरी बाजू असू शकते' असं लिहून वेळ मारून नेली होती. आसावरीला ते जमेना. न विचारता विचारलं असं लिहिणं म्हणजे तीच ढापाढापी, जिच्यावर ती जन्मभर चिडत आली होती. मग तिने ठरवलं, जायचं आणि विचारायचं. म्हातारा काही सांगणार नाहीच. मग ठणकावून लिहिता येईल, 'विचारलं, उत्तर मिळालं नाही.' सोमवारी सकाळीच ती भांडायच्या तयारीने निघाली.

नवगावकरांचं घर सिनेगॉगच्या मागेच होतं. दार त्यांनीच उघडलं. आसावरीने नाव सांगितलं.

"म्हात्रे का? या," ते म्हणाले. "तुमचं पान मला काल कुणीतरी पाठवलं. अक्षर छान आहे तुमचं."

 तेवढ्यात आतून सज्जातल्या त्या बाई आल्या, त्यांच्या पत्नी सिपोराबाई.  त्यांनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि गॅसवर चहाचं आधण चढवलं. आसावरीने ते पाहिलं. म्हणजे या घरात चहा होतो तर.

"विचारायला आलेय," ती म्हणाली. "वही का मिटायला लावलीत?"

नवगावकरांचाही पारा काही उतरलेला नव्हता. 

"शनिवार हा आमचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू आणि शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसल्या की संपला. त्या वेळात आम्ही काम करत नाही. विस्तव पेटवत नाही, बटण दाबत नाही आणि लिहीत नाही. दोन अक्षरंसुद्धा नाही. मी बँकेत होतो तेव्हा शनिवारी सही करावी लागू नये म्हणून नोकरीभर रजा मांडत गेलो. कुठे कुठे आमचे लोक बटण दाबतात, चालवून घेतात. आमच्या या देवळात चालत नाही. पाहुण्याने लिहिलं तर पाप पाहुण्याला नाही, पण त्या चौथऱ्याशेजारी, गुंडाळी उघडी असताना? ती गुंडाळी म्हणजे आमचा धर्मग्रंथ, सबंध हाताने लिहिलेला. आणि त्या दिवशी तिच्यासमोर कुणी पेन धरत नाही."

"मग पंखा? पुरुषांवरचे तर फिरत होते."

"ते शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत लावून ठेवलेले. वरचा पंखा लावला नव्हता, कारण वर फक्त ही एकटी बसणार होती आणि हिला वारा सोसत नाही. तुम्ही इतक्या मुली वर येणार हे मला कुणी सांगितलं होतं?"

"आणि मीही उकाड्यातच बसले तुमच्यासोबत," सिपोराबाई आतून म्हणाल्या. "पदराने वारा घालत होते मी त्या बारक्या पोरीला. ते नाही लिहिलंस."

आसावरीला आठवलं. घातला होता. पाहिलं होतं तिने. लिहिलं मात्र नव्हतं.

"पण कारण तर सांगायचं होतंत," ती म्हणाली. आवाज आता जरा खाली आला होता. "दोन शब्द सांगितले असते तर मी स्वतःच बाहेर गेले असते."

"गुंडाळी उघडी असताना मधे बोलत नाहीत. दोन शब्द बोललो तेही जास्तच झाले. बाहेर नेऊन सांगावं म्हटलं, तर मी दहावा होतो."

"दहावा?"

"गुंडाळी काढून वाचायची तर दहा पुरुष लागतात. आमच्या गावात आता आठ आहेत. एक पेणहून आला, एक ठाण्याहून, दोघेही शुक्रवारीच, कारण शनिवारी ते गाडीत बसत नाहीत. असे दहा महिन्यातून एखाद्या वेळी जमतात. मी तुम्हाला घेऊन अंगणात गेलो असतो तर आत नऊ उरले असते. मग वाचन थांबवायचं की चालू ठेवायचं यावर आमच्या म्हाताऱ्यांत जी जुंपली असती, ती तुम्ही लिहायला हवी होतीत."

ते पहिल्यांदा थोडं हसले. मग पुन्हा गंभीर झाले.

"आणि हे सगळं मी तुमच्या सरांना फोनवर सांगितलं होतं. म्हटलं, शनिवारी आलात तर आनंद आहे, पण वह्या आणि मोबाईल बसमध्ये ठेवा. लिहायचंच असेल तर रविवारी या, मी उभा राहून सगळं दाखवीन, सगळं लिहून देईन. ते म्हणाले, बघतो."

 आसावरीला आपली आई आठवली. नागपंचमीला आई विळीला हात लावू देत नाही. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. एकदा वाट चुकलेले पाहुणे नेमके त्याच दिवशी आले, तर आईने त्यांना उकडलेली दिंडं आणि दूध वाढलं होतं. त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं असतं की म्हात्र्यांच्या घरात पाहुण्याला भाकरी मिळत नाही, तर? आसावरीने त्यांची गचांडी धरली असती.

"सरबत का नाही घेतलंस?" सिपोराबाईंनी चहाचा कप ठेवत विचारलं. "शुक्रवारी दुपारी मनुका भिजत घातल्या, उन्हं उतरायच्या आत गाळलं. विस्तव नाही लावत आम्ही त्या दिवशी, म्हणून पाहुण्याला तेच. त्याच्यावर आशीर्वाद म्हणतात आणि मग सगळ्यांनी घोट घोट घ्यायचा. तुझा पेला भरलेलाच राहिला कठड्यावर."

त्या चिडून बोलल्या नाहीत. पण आसावरीला त्याच वाक्याने सगळ्यात जास्त लागलं.

ती तिथून उठली तेव्हा तिचा राग गेला नव्हता. त्याने फक्त पत्ता बदलला होता. ती थेट वाळिंबे सरांच्या खोलीत गेली.

"सर, त्यांनी तुम्हाला वह्या ठेवायला सांगितलं होतं?"

सर हसले. "अगं, बस शनिवारीच मिळत होती. आणि वह्या नाहीत म्हटलं असतं तर निम्मा वर्ग आलाच नसता. एवढं काय?"

"गावात त्यांच्याबद्दल लोक काय बोलतायत ठाऊक आहे?"

"म्हणूनच सांगतो, ते पान फाड. नवीन लिही. वातावरण, शांतता, सलोखा. बाहेरून परीक्षक येणार आहेत. तुझी भाषा चांगली आहे, उद्या परिपाठात तुझीच दैनंदिनी वाचायची. फक्त ते वादाचं काढून टाक."

एक पान फाडायचं, एवढंच काम होतं. आसावरीला गुण मिळाले असते, सरांची अब्रू राहिली असती आणि तिचा स्वतःचा खोटेपणा कचऱ्यात गेला असता. फायदा सगळ्यांचा. तोटा फक्त त्या दहा माणसांचा, ज्यांच्याविषयीचं पान आता कुणालाच फाडता येणार नव्हतं, कारण ते गावभर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळं महाविद्यालय जमलं. आसावरी वही घेऊन उभी राहिली आणि तिने ते पहिलंच पान वाचलं, शब्द न् शब्द. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर चुळबुळ करत उठले. तेवढ्यात तिने पान उलटलं.

"दुसरी बाजू," ती वाचू लागली. "'लपवालपवी' हे मी 'काय पाहिलं' या भागात लिहिलं. ते मी पाहिलं नव्हतं. मी पाहिला तो वहीवर ठेवलेला एक तळहात. बाकी सगळं माझ्या रागाने पाहिलं." मग तिने शब्बाथ सांगितला, दहा माणसं सांगितली, शुक्रवारी लावलेले पंखे सांगितले, पदराचा वारा सांगितला, भरलेला पेला सांगितला. "माझा अपमान झाला होता हे खरं आहे. पण तो त्यांनी केला नाही. त्यांनी आधीच कळवलं होतं. आम्हाला ते सांगितलं गेलं नाही, कारण बस शनिवारीच मिळत होती. आणि न विचारता ते पान गावात जाऊ देणारी मी होते."

या वेळी टाळी पडली नाही. सर खाली मान घालून कागद चाळत होते. शलाका नखं कुरतडत बसली होती.

सरांनी तिच्या दैनंदिनीवर शेरा मारला, 'भाषा आक्रमक, सकारात्मकतेचा अभाव.' गुण जेमतेम पास होण्यापुरते. शांतता लिहिलेल्यांना तिच्याहून बरेच जास्त. दुसऱ्या पानाचा फोटोही ग्रुपवर गेला, तिने स्वतः टाकला. पण तो कुणी पुढे पाठवला नाही. रागाचं पान दिवसभरात गाव फिरून आलं आणि खऱ्याचं पान जिथल्या तिथे बसून राहिलं. संताप येतो, पण तसंच झालं. मग आसावरी आपल्या पायांनी फिरली. वाण्याकडे, बसथांब्यावर, नाक्यावर. ज्याने विचारलं होतं तिथे काय लपवतात, त्याला उभं करून तिने सांगितलं. कुणी ऐकलं, कुणी म्हणालं, एवढं मनाला काय लावून घेतेस. तिने लावून घेतलं.

पुढच्या शनिवारी ती एकटीच सिनेगॉगमध्ये गेली. वही नव्हती, मोबाईल खोलीवर होता. त्या दिवशी दहा जमले नाहीत. गुंडाळी कपाटातच राहिली आणि प्रार्थना तेवढी झाली. सज्जात गेली तर वरचा पंखा फिरत होता. सिपोराबाई त्याच्या वाऱ्यापासून लांब, अंगाभोवती पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. शुक्रवारीच कुणीतरी तो लावून ठेवला होता, ती येईल की नाही हे माहीत नसताना.

प्रार्थनेनंतर अंगणात तिने सरबताचा पेला दोन्ही हातांनी घेतला आणि रिकामा करून परत दिला. संध्याकाळी वसतिगृहाच्या ओट्यावर ती वही मांडीवर मिटून बसली. सूर्य गेला. एक चांदणी दिसली. मग दुसरी. तिसरी दिसेपर्यंत तिने पेनाचं टोपण काढलं नाही. मग वही उघडली आणि 'यापुढे मी काय करीन' या कोऱ्या राहिलेल्या भागात लिहिलं, 'आधी विचारीन. मग, गरज उरली तर, चिडेन.'

तात्पर्य: राग आला तर तो खोट्या शांततेखाली दडपू नये; पण ज्याच्यावर आला त्याला कारण विचारण्याआधी तो चारचौघांत वाटूही नये, कारण वाटलेला राग गावभर जातो आणि चूक कळल्यावर तो परत गोळा करायला आपल्यालाच पायी फिरावं लागतं.